विषय : शुक्रवार संध्याकाळचे खेळ

आमच्या एचआरमधल्या मैत्रिणीची मागणी साधी होती. महिनाअखेरच्या शुक्रवारी, काम आटोपल्यावर, टीमसाठी काहीतरी हलकंफुलकं ठेवायचंय. चौदा जण आहेत. तू खेळणारा माणूस आहेस, तर दोन-तीन खेळ सुचव. वर एक अट होती : “निबंध लिहू नकोस. मेल मला पुढे वर पाठवायचाय.”

मी पाठवलेला मेल हा असा :

“अगं,

थोडक्यात लिहितो.

लोक येत असतील तेव्हा, पावणेसहापासून : ‘जस्ट वन’. नियम दोन मिनिटांत सांगून होतात आणि उशिरा आलेल्याला मध्येच बसवता येतं. कोरे कागद आणि जाड स्केचपेनं एवढंच लागेल.

मग खाणं.

सव्वासहाच्या पुढे : ‘कोडनेम्स’, दोन टेबलांवर, सात-सात जण. शब्द मराठी ठेवू, चिठ्ठ्या मी करून आणतो. नेहमी खेळणारे दोघं एकाच टीममध्ये नकोत. साहेबांना पहिल्या डावात इशारे द्यायला बसवायचं नाही.

कोपऱ्यात कॅरम मांडून ठेव, पण स्पर्धा लावू नकोस. बक्षिसं नकोत.

नियम सांगायचं माझ्याकडे, खाण्याचं तुझ्याकडे.”

तिचं उत्तर आलं, “एवढंच? मला वाटलं यादी पाठवशील.” यादी माझ्याकडे होतीच. घरी कपाटात पन्नासेक खेळांच्या पेट्या आहेत आणि त्यातल्या प्रत्येकीबद्दल मी अर्धा तास बोलू शकतो, म्हणूनच तिने ती अट घातली असणार. पण अशा संध्याकाळीसाठी खेळ सुचवताना बरंचसं काम वगळण्याचं असतं. मेलमध्ये जे आलं नाही ते इथे लिहितो. इथे मला कुणी अडवणारं नाही.

आधी माणसं. ‘अनुभव कमी-जास्त आहे’ असं ती म्हणाली होती, पण म्हणजे नेमकं काय? टीममधले दोन इंजिनियर दर शनिवारी बोर्डगेम कॅफेत पडीक असतात. अकाउंट्समधले काका पत्त्यांतले जुने खेळाडू. मेंढीकोटात समोरच्याच्या हातात कुठली पानं उरलीत ते पाचव्या हातानंतर ते सांगू शकतात. साहेब बुद्धिबळ खेळतात. तिघं ट्रेनी आहेत, त्यांचे खेळ मोबाइलवरचे. एकीला सात वाजता निघून बस गाठायची असते. आणि पँट्री सांभाळणाऱ्या मावशी, ज्यांचं नाव यादीत आहे म्हणून मला त्या एचआरवालीचं कौतुक वाटलं. अशा कार्यक्रमात मावशींनी चहा द्यायचा आणि बाकीच्यांनी खेळायचं, हेच सर्रास चालतं. आता ‘अनुभवी’ कोण? प्रत्येक जण आपापल्या टेबलावर अनुभवीच आहे. दुसऱ्याच्या टेबलावर बसवलं की नवखा.

म्हणून खेळ सोपा आहे की अवघड, हा प्रश्न मी फारसा विचारत नाही. अनुभव त्या खेळात कुठून शिरतो आणि किती लवकर शिरतो, ते बघतो.

‘कटान’चं बघा. क्लाउस टॉइबर यांचा १९९५ सालचा हा खेळ मला प्रिय आहे आणि नवख्याला बोर्डगेमची गोडी लावायला तो उत्तमही आहे, पण घरी, चौघांत. मूळ पेटी तीन-चार जणांचीच. चौदांना चार पेट्या लागतील ही अडचण वेगळीच. खरी गोम सुरुवातीला आहे. फासा पहिल्यांदा पडण्याआधीच प्रत्येकाने नकाशावर आपल्या दोन वस्त्या मांडायच्या असतात. जवळपास प्रत्येक जमिनीवर एक आकडा असतो आणि दोन फाशांची बेरीज तेवढी आली की तिथलं पीक मिळतं. ज्याने खेळलाय त्याला माहीत असतं की सहा आणि आठ हे आकडे छत्तीसांत पाच वेळा येतात, तीन आणि अकरा दोनच वेळा. आकड्यांच्या सोंगट्यांवर ठिपके छापून ही मदत केलेली आहे, पण आत्ताच खुर्चीत बसलेल्या माणसाला ठिपके दिसतात, त्यांचा अर्थ लागत नाही. तो समुद्रकाठची छानशी जागा बघून वस्ती मांडतो. मग पुढचा तासभर इतरांना पीक मिळत राहतं आणि हा फासे टाकून पुढच्याला देत राहतो. चूक पहिल्या दोन मिनिटांतली, भोग तासभराचा. घरी आपण म्हणतो, “चल, पुन्हा मांडू.” ऑफिसात ती सवड नसते.

‘माफिया’ दरवेळी कुणीतरी सुचवतंच, कारण त्याला काही लागत नाही आणि माणसं कितीही चालतात. दिमित्री दाविदोव या मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याने १९८६-८७च्या सुमारास मॉस्को विद्यापीठात तो बसवला. काहीजण गुपचूप माफिया, बाकीचे गावकरी. रात्री माफिया एकाला उडवतात, दिवसा सगळं गाव चर्चा करून संशयिताला बाहेर काढतं. खेळ फार हुशारीचा आहे. पण पहिल्याच रात्री जो ‘मरतो’ त्याने पुढे काय करायचं? समोसे खात बसायचं. दुसरी अडचण मला जास्त खुपते. गावाला पहिला संशय येतो तो गप्प बसणाऱ्याचा. आता आमच्या टीममध्ये गप्प बसणार कोण? महिनाभरापूर्वी लागलेली ट्रेनी आणि मावशी. बोलणार कोण, ते सांगायला नको. आणि साहेब खोटं बोलतायत असं भर टेबलावर कोण म्हणणार? एक तर कुणीच म्हणणार नाही, नाहीतर कुणीतरी जरा जास्तच मनापासून म्हणेल.

दमशेराज मी नुसता खोडून टाकला. नाटकात काम केलेल्यांना तो आवडतो. ज्याला चौदा जणांसमोर उभं राहायचा संकोच वाटतो त्याला आपली पाळी येईपर्यंत पोटात गोळा असतो.

आता ‘जस्ट वन’. हा फ्रेंच खेळ, जर्मनीतला ‘श्पील देस यारेस’ म्हणजे वर्षातल्या उत्तम खेळाचा मान त्याला २०१९ मध्ये मिळाला. पेटीवर तीन ते सात खेळाडू लिहिलेत. एक जण ओळखणारा. त्याला न दिसेल असा एक शब्द बाकीच्यांना दाखवायचा. प्रत्येकाने त्या शब्दाकडे नेणारा एकच शब्द आपापल्या पाटीवर लिहायचा, एकमेकांशी न बोलता. मग ओळखणाऱ्याने डोळे मिटायचे आणि इतरांनी पाट्या ताडून बघायच्या. दोघांनी तेच लिहिलं असेल तर दोन्ही पाट्या पालथ्या. उरलेल्या पाट्या बघून त्याने मूळ शब्द सांगायचा. संपले नियम.

गंमत त्या पालथ्या पाट्यांत आहे. समजा शब्द आला ‘मोदक’. सहा जणांच्या पाट्यांवर काय येईल? तिघं तरी ‘गणपती’ लिहिणार. तिन्ही बाद. एकाने लिहिलं ‘नारळ’, एकीने ‘एकवीस’, मावशींनी लिहिलं ‘उकड’. ओळखणाऱ्यासमोर राहिलं नारळ, एकवीस, उकड, आणि तो ओळखतो. पण पुढच्या शब्दाला मागचा धडा घेऊन सगळेच सावध होतात. शब्द ‘कंदील’ आला की ‘दिवाळी’ बाकीचे लिहिणारच म्हणून प्रत्येक जण ती टाळतो, आणि पाट्यांवर उरतात ‘रॉकेल’, ‘काच’, ‘गोनीदा’ आणि ‘टोळ’. हे शेवटचं का, ते लिहिणाऱ्यालाच माहीत. सरळ जावं की आडवाटेने, हा अंदाज बाकीच्या पाच जणांना ओळखण्याचा आहे. तिथे कॅफेत घालवलेले शनिवार उपयोगी पडत नाहीत. उलट नेहमीचे दोन गडी एकसारखाच विचार करतात आणि एकमेकांच्या पाट्या पालथ्या पाडतात, हे बघायला मला विशेष मजा येते.

पेटीतल्या नियमांत मी एक बदल करतो. तेरा शब्दांचा डाव असतो. ओळखणारा ‘पास’ म्हणाला तर तो एक शब्द जातो; चुकीचं सांगितलं तर तो जातोच, शिवाय पुढचाही एक जातो. घरी हा दंड मी पाळतो, त्यानेच बोलावं की थांबावं याचा ताण येतो. ऑफिसात काढून टाकतो. पहिल्यांदा खेळणाऱ्याच्या एका चुकीने सगळ्यांचा शब्द गेला की तो पुढे प्रत्येक वेळी ‘पास’ म्हणायला लागतो, आणि पास म्हणणारा माणूस खेळत नसतो.

एक कटकट मात्र पहिल्या दोन शब्दांतच येते. ‘उकड’ आणि ‘उकडीचा’ हे सारखे धरायचे का? धरायचे, एकाच शब्दाची रूपं म्हणजे एकच इशारा. ‘गणपती’ आणि ‘बाप्पा’? शब्द वेगळे, दोन्ही राहू द्यायचे. ‘मोदकपात्र’ लिहिलं तर? बाद, मूळ शब्द त्यात अख्खाच आहे. हे सगळं आधी सांगत बसायचं नाही. प्रश्न येईल तेव्हा एका वाक्यात निकाल द्यायचा आणि पुढे जायचं.

हा खेळ पहिला ठेवण्याचं कारण म्हणजे ऑफिसची माणसं. पावणेसहाची वेळ दिली की पावणेसहाला चौघं येतात. एकाचा कॉल संपलेला नसतो, एकीला ‘फक्त एक मेल’ टाकायचा असतो. चौघांत ‘जस्ट वन’ सुरू होतो. पाचवा आला, त्याला कागद दिला. तो एक फेरी नुसती बघतो आणि दुसऱ्या फेरीत लिहायला लागतो. आठवा आला की टेबल फोडायचं, चार-चारांची दोन करायची. सगळे जमेपर्यंत ताटकळत बसायचं, हा कार्यक्रमातला सगळ्यात वाईट अर्धा तास यात निघून जातो.

‘कोडनेम्स’ची तयारी जास्त. व्लाडा ख्वातिल या चेक माणसाचा हा खेळ २०१५ मध्ये आला आणि पुढच्याच वर्षी त्याला तो जर्मन मान मिळाला. टेबलावर पाच बाय पाच असे पंचवीस शब्द मांडायचे. दोन टीम. प्रत्येकीचा एक म्होरक्या, आणि फक्त त्या दोन म्होरक्यांजवळ एक छोटा नकाशा असतो : कुठले नऊ शब्द पहिल्या टीमचे, कुठले आठ दुसरीचे, कुठले सात कुणाचेच नाहीत, आणि कुठला एक काळा. म्होरक्याने एक शब्द आणि एक आकडा बोलायचा. आकडा म्हणजे या इशाऱ्यात आपले किती शब्द बसतात. टीमने आपसात खल करून एकेक शब्दाला बोट लावायचं. आपला निघाला तर पुढे, दुसऱ्याचा किंवा कुणाचाच नसला तर पाळी गेली, आणि काळ्याला बोट लागलं तर डाव तिथेच हरला.

पेटी इंग्रजीतून सहज मिळते. ती मी नेली नाही. त्यातल्या चारशे शब्दांत ‘लॉक नेस’ आणि ‘लेप्रेकॉन’ आहेत. अर्थ शोधून सांगता येईल, पण या खेळात अर्थ पुरत नाही, शब्दाभोवतीचं सगळं गणगोत माहीत असावं लागतं. मावशींना पहिल्याच क्षणी बाहेर काढायचं असेल तर ती पेटी चांगली.

चिठ्ठ्या करणं सोपं आहे, शब्द निवडणं तेवढं सोपं नाही. पहिल्यांदा बसलं की सुचतात ते ‘टेबल’, ‘पंखा’, ‘थर्मामीटर’. असे शब्द एकाच दाराने आत येतात आणि त्याच दाराने बाहेर जातात. खेळाला हवेत अनेक बाजूंनी धरता येणारे. ‘पान’ घ्या : झाडाचं, पुस्तकाचं, विड्याचं, पत्त्याचं, आणि जेवायला वाढलेलं. ‘हार’, ‘तार’, ‘माळ’, ‘अंक’, ‘चाल’, ‘नाव’, ‘कर’ हे सगळे सोन्यासारखे. यांच्या जोडीला थोडे एकमार्गी शब्दही लागतात, नाहीतर सगळंच निसरडं होतं. निम्मे-निम्मे बरे पडतात. दोन टेबलं, प्रत्येकी तीन डाव, म्हणून मी दीडशे चिठ्ठ्या केल्या. जुन्या व्हिजिटिंग कार्डांच्या कोऱ्या बाजूवर, दोन्हीकडे बसलेल्यांना वाचता यावं म्हणून शब्द दोनदा लिहून, एकदा सुलटा आणि एकदा उलटा. नकाशे चारच काढले. चौकोनी नकाशा फिरवला की चार वेगळे होतात, म्हणजे सोळा झाले. पुरे.

मेलमधल्या त्या दोन सूचना इथल्याच. नेहमीचे दोघं एका टीममध्ये असले तर त्यांचा आपसात संवाद सुरू होतो आणि बाकीचे बघे होतात. समोरासमोर बसवले की प्रत्येकाला आपल्या टीममधल्या नवख्यांशीच बोलावं लागतं. साहेबांचं कारण वेगळं. साहेब म्होरक्या झाले आणि म्हणाले, “पाणी, तीन,” की टीम शब्दांकडे बघण्याऐवजी साहेबांच्या चेहऱ्याकडे बघते. खल होत नाही. कुणीतरी घाबरत बोट लावतं आणि चुकलं तर ‘सॉरी सर’ म्हणतं. तेच साहेब बोट लावणाऱ्यांत असले आणि इशारा ट्रेनीने दिलेला असला की त्यांनाच म्हणावं लागतं, “याला काय म्हणायचंय काय माहीत!” एक डाव असा झाला की मग त्यांना म्होरक्या करायला हरकत नसते. बुद्धिबळवाल्याला म्होरक्या केलं की तो मिनिटामागून मिनिटं विचार करतो, ते निराळं. पेटीत त्यासाठी वाळूचं घड्याळ दिलेलं आहे. आमच्याकडे मोबाइलवर दोन मिनिटांचा गजर होता.

नेहमीच्या खेळाडूला चार-चार शब्द एका इशाऱ्यात बांधायचा मोह होतो. त्याला मी एक हिशोब दाखवतो. दोन्ही टीमनी दरवेळी नेमके दोन-दोन शब्द उचलले, तर आठवाली टीम चार पाळ्यांत संपवते. नऊवाली पहिली खेळते, पण तिला पाचवी पाळी लागते, म्हणजे ती हरते. तिला चार पाळ्यांत संपवायला फक्त एकदा ‘तीन’ जमवावा लागतो, बाकी दोन-दोन. डाव जिंकायला एवढंच पुरतं. शिवाय सांगितलेल्या आकड्यापेक्षा एक बोट जास्त लावायची मुभा असते, मागे राहून गेलेला शब्द त्यात उचलता येतो. म्हणजे पहिल्यांदा खेळणाऱ्याचे साधे, स्वच्छ ‘दोन’ हे कॅफेवाल्याच्या चतुर ‘चार’ला हरवू शकतात, आणि बऱ्याचदा हरवतातच. अनुभव इथेही आहे, पण तो मोठे इशारे देण्यात कमी आणि धोका ओळखण्यात जास्त आहे.

तो धोका कसा असतो ते दुसऱ्या टेबलावर दिसलं. ट्रेनींपैकी एक मुलगा म्होरक्या होता, बाविसेक वर्षांचा. त्याचे शब्द होते ‘वारी’, ‘पाऊस’ आणि ‘टाळ’. तो बराच वेळ नकाशा बघत होता, मग चेहरा उजळला. “आषाढ, तीन.” चांगला इशारा होता. शेजारच्या टेबलावरून मीही मनात म्हटलं, छान.

त्याच्या टीममध्ये मावशी आणि टेस्टिंगमधल्या दोघी. ‘वारी’ला लगेच बोट लागलं. ‘पाऊस’लाही. मग तिसरा. टेस्टिंगवाल्या ‘छत्री’ की ‘टाळ’ यावर बोलत होत्या. पाऊस येऊन गेला म्हणजे छत्री नसेल, वारी येऊन गेली म्हणजे टाळ नसेल, अशी त्यांची वकिली. मावशी शांतपणे म्हणाल्या, “अगं, कढई आहे ना समोर.” दोघींना काही कळेना. मग मावशींनी समजावलं : आषाढात तळतात. कापण्या, तिखटामिठाच्या पुऱ्या, गुळाच्या गोड पुऱ्या. आषाढ तळल्याशिवाय सरत नाही. इतकं ठाम आणि इतकं सविस्तर सांगितलं की दोघींना पटलं. म्होरक्याचा चेहरा पांढरा पडला, पण नियम कडक आहे. त्याने हूं की चूं करायचं नाही. मावशींनी ‘कढई’ला बोट लावलं.

कढई काळी होती. डाव संपला.

टेबलावर एकच गलका. मुलगा म्हणाला, “आषाढात तळतात हे मला माहीतच नाही!” मावशी म्हणाल्या, “मग आषाढात करतात काय तुमच्याकडे?” टेस्टिंगवालीला तेवढ्यात आठवलं की तिची आजी कापण्या करायची. साहेब दुसऱ्या टेबलावरून उठून बघायला आले आणि त्यांनीही मत दिलं की मावशींचं बरोबर आहे.

खेळाच्या नियमाने हरले ते हरलेच. पण मुलाने पुढच्या डावात काय केलं ते मी बघितलं, कारण नेमकं तेच मी कॅफेवाल्यांनाही सांगत असतो. इशारा सुचला की तो आधी काळ्या शब्दाकडे बघायचा, मग समोरच्या टीमच्या शब्दांकडे, आणि शेवटी आपल्या. आणि काळ्या शब्दाकडे स्वतःच्या डोळ्यांनी बघून भागत नाही. टेबलावर कोण बसलंय, त्याला या शब्दावरून काय आठवेल, हे बघावं लागतं. दुसऱ्या डावात त्याच्या टीममध्ये मावशी होत्याच. त्याने ‘दोन’च्या वर आकडा नेला नाही, आणि जिंकला.

सात वाजता बसवाल्या बाई उठल्या. डाव अर्ध्यावर होता. टीममधल्या एकीने त्यांच्या जागी जरा सरकून घेतलं, एवढाच फरक पडला. ‘कटान’ असता तर त्यांच्या वस्त्या, रस्ते आणि हातातली पत्ती कुणाच्या तरी गळ्यात बांधावी लागली असती. डाव पंधरा-वीस मिनिटांचा आणि माणूस उठला तरी भोक न पडणारा, हे दोन गुण पेटीवर कुणी छापत नाही. ऑफिससाठी मी तेच आधी बघतो.

कॅरमबद्दल दोन शब्द. बोर्ड होताच ऑफिसात. स्पर्धा लावू नकोस म्हटलं कारण चौदा जणांची बाद फेरी लावली की पहिल्या पाऊण तासात सात जण मोकळे होतात आणि अंतिम सामना कोणात होणार हे सगळ्यांना सुरुवातीलाच ठाऊक असतं. चांगला खेळणारा एकदा हात बसला की पाच-सहा सोंगट्या सलग घेतो, समोरचा नुसता स्ट्रायकर धरून बसतो. पण कोपऱ्यात, बोरिक पावडर टाकून, कुणी नाव न लिहिता मांडून ठेवलेला कॅरम फार कामाचा. ज्याला शब्दांचा कंटाळा आला, ज्याला थोडा वेळ बोलायचं नाही, तो तिथे जाऊन उभा राहतो. हिशोब विभागातले आणि सर्व्हरवाले एकमेकांशी कधी बोलत नाहीत, ते तिथे न बोलताच एक बोर्ड खेळले.

बक्षिसांचं मैत्रिणीला पटलं नव्हतं. “गिफ्ट व्हाउचर आणलीयेत मी.” मी म्हटलं, मग शेवटी एक तंबोला लाव. नव्वद आकडे, तिकिटावर पंधरा, आणि अक्कल शून्य. व्हाउचर वाटायला याहून न्याय्य पद्धत नाही. तंबोल्याला मी नावं ठेवत नाही. पण तासभर तंबोला म्हणजे तासभर खाली मान. दहा मिनिटांत पहिली ओळ आणि फुल हाउस काढून तिने व्हाउचर संपवली, ते छान झालं. फुल हाउस पुकारणाऱ्या काकांनी तिकीट दोनदा तपासून घेतलं, अकाउंट्सचे असल्यामुळे.

सोमवारी काकांचा मेल आला, मला आणि तिला दोघांना. “कार्यक्रम उत्तम. पुढच्या वेळी मेंढीकोट ठेवावा. पत्ते मी आणीन.” मेंढीकोट माझ्या मनात आधीही होता. चौघांचा खेळ, समोरासमोरचे भिडू, चार दश्श्या म्हणजे मेंढ्या आपल्या बाजूला खेचायच्या. जाणता आणि नवखा अशी भिडूंची जोडी लावता येते, हे त्यातलं उत्तम. वाईट एवढंच, की नवख्याने चुकीच्या वेळी दश्शी टाकली की जाणता भिडू पुढची तीन पानं त्यावरच बोलतो, आणि या बाबतीत काकांची ख्याती आहे.

म्हणून उत्तरात मी तीन अटी घातल्या. भिडू चिठ्ठ्या टाकून ठरतील. हुकूम बंद असेल, म्हणजे एकाने एक पान पालथं ठेवायचं आणि गरज पडेपर्यंत ते कुणी बघायचं नाही. जाणत्याला त्याने जरा अंधारात ठेवता येतं. आणि डाव संपेपर्यंत भिडूच्या पानाबद्दल अवाक्षर काढायचं नाही. काकांनी पहिल्या दोन लगेच मान्य केल्या. तिसरीवर त्यांचं उत्तर अजून आलेलं नाही.